फ्लॅटमधला सबवूफर: लेव्हलचं बटण सगळ्यात शेवटी

मागच्या काही भागांनंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला होता: फ्लॅटमध्ये सबवूफर ठेवावा की नाही, आणि ठेवला तर शेजाऱ्यांचं काय? आजचा भाग त्यावरच. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी बोलणं जवळपास जसंच्या तसं इथे उतरवलंय.

सुरुवात माझ्याच घरापासून करतो. आम्ही दिंडोशीत राहतो, चौथ्या मजल्यावर. मी सबवूफर आणला त्याला तीन आठवडे झाले असतील. शनिवारची रात्र, सव्वादहा वाजलेले, सिनेमा चालू. बेल वाजली. दारात खालच्या काकू. मी मनात म्हटलं, झालं, आता ऐकावं लागणार. पण काकू भांडायला आल्याच नव्हत्या. म्हणाल्या, "अरे, तुमची पाण्याची मोटर चालू राहिलीय का बघ जरा. तासभर घरघर येतेय. ह्यांना पहाटे चारला निघायचंय."

काका बसचे ड्रायव्हर आहेत, पहिल्या पाळीचे. म्हणजे माझ्या हौसेमुळे पहाटे बस काढणाऱ्या माणसाची झोप जात होती. हे ऐकल्यावर मला खरंच लाज वाटली.

पण काकूंच्या वाक्यात एक गंमत होती. त्यांना सिनेमा ऐकू येत नव्हता. संवाद नाही, संगीत नाही, मारामारी नाही. फक्त घरघर, मोटरसारखी, एकाच सुरातली. आणि वर सोफ्यावर बसून मला मात्र बेस कमीच वाटत होता! त्याच आठवड्यात मी लेव्हल दोनदा वाढवली होती.

हे कोडं सुटलं की आजचा विषय सुटतो. माझ्या कानाला कमी आणि काकूंना जास्त, हे एकाच वेळी कसं?

आधी खोली समजून घेऊ. आमचा हॉल सोळा फूट लांब, साडेदहा फूट रुंद, उंची नऊ फुटांच्या थोडी वर. मीटरमध्ये ४.९, ३.२ आणि २.८. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाज आपटत राहतो, आणि एका ठरावीक फ्रीक्वेन्सीला तो स्वतःलाच जोर देत घुमायला लागतो. ती काढायची तर आवाजाचा वेग घ्या, मुंबईच्या हवेत साधारण ३४७ मीटर प्रति सेकंद, आणि त्याला भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागा. आमच्याकडे लांबीचे आले ३५ हर्ट्झ, रुंदीचे ५४, उंचीचे ६२. तुम्ही टेप घेऊन तुमच्या हॉलचे आकडे दोन मिनिटांत काढू शकता.

आता माझा सबवूफर होता टीव्हीच्या बाजूच्या कोपऱ्यात. बहुतेक घरांत तिथेच असतो, कारण तिथे पायात येत नाही. पण कोपरा म्हणजे तिन्ही दिशांच्या घुमण्याला एकदम ढकलणारी जागा. झोपाळ्याला टोकाला धक्का द्यावा तसं. म्हणून कोपऱ्यातला सबवूफर "जास्त वाजतो". वाजतो खरा, पण त्या दोन-तीन सुरांवरच.

एक मित्र मोजायचा माइक घेऊन आला. आम्ही रूम ईक्यू विझार्ड हे फुकट सॉफ्टवेअर वापरून सोफ्यावर मोजलं. आलेखात ५४ हर्ट्झला उंचच उंच डोंगर, आणि ८० हर्ट्झच्या आसपास खड्डा.

हा खड्डा महत्त्वाचा आहे. माझा क्रॉसओव्हर ८० वर होता. क्रॉसओव्हर म्हणजे वाटणी: त्याच्या वरचं लहान स्पीकरने वाजवायचं, खालचं सबवूफरने. पण कोणताही फिल्टर सुरीसारखा कापत नाही, त्यामुळे ८० च्या आजूबाजूला दोघंही वाजतात. दोघांचा आवाज कानापाशी एकाच तालात पोचला तर बेरीज होते, उलट्या तालात पोचला तर वजाबाकी. माझ्याकडे वजाबाकी चालली होती. आणि आपल्याला जो "भरलेला" बेस वाटतो, ढोलकीची घुमारदार थाप, तबल्याच्या डग्ग्याचा गोलावा, त्याचा मोठा भाग ६० ते १५० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. नेमका तिथेच खड्डा. म्हणून मला बेस कमी वाटायचा, म्हणून मी लेव्हल वाढवायचो. लेव्हलने खड्डा भरत नाही, कारण दोन उलट्या लाटा एकमेकींना खातच राहतात. पण ५४ चा डोंगर मात्र तेवढाच वाढतो. तो जातो खाली, काकूंकडे. हीच ती मोटर.

[इथे पॉडकास्टमध्ये आधी ५४ आणि मग ८० हर्ट्झचा सूर ऐकवला आहे. मोबाइलच्या स्पीकरवर दोन्ही ऐकू येणार नाहीत, हेडफोन लावा.]

आता फक्त खालचा सूरच स्लॅबमधून का जातो? भिंत किंवा स्लॅब आवाज अडवतो तो मुख्यतः त्याच्या वजनाने. फ्रीक्वेन्सी निम्मी झाली की तेच वजन साधारण सहा डेसिबलने कमी अडवतं. संवाद पाचशे-हजार हर्ट्झचे, ते अडकतात. ५४ हर्ट्झ खूप कमी अडकतो.

इथे एक गैरसमज. त्या रात्रीनंतर मी पहिलं काय केलं असेल? सबवूफरखाली आजीची गोधडी चार घड्या करून घातली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकूंना विचारलं. "तसंच आहे रे." रबराचे पाय, फोमचे पॅड यांचा उपयोग होतो तो पेटीची थरथर थेट फरशीत जाण्यापासून वाचवायला, किंवा टीव्ही युनिटमधल्या काचा वाजत असतील तर त्या थांबवायला. पण हवेतून जो दाब स्लॅबवर पडतो, त्याला पॅड काहीच करत नाही. म्हणून पैसे खर्च करण्याआधी गोधडीची परीक्षा करा. गोधडीने खाली फरक पडला तर पॅड घ्या. नाही पडला तर प्रश्न हवेतला आहे.

दुसरा गैरसमज मोबाइलवरच्या डेसिबल ॲपचा. आपल्याकडे निवासी भागासाठी ध्वनिप्रदूषण नियमांत दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. पण हे डेसिबल "ए" वजनाचे आहेत. बहुतेक ॲपही तेच दाखवतात. हे वजन माणसाच्या कानासारखं खालचे सूर कमी मोजतं: ५० हर्ट्झला तर तब्बल तीस डेसिबल वजा. म्हणजे तुमच्या हॉलमध्ये ५४ हर्ट्झ ८० डेसिबलने घुमत असेल, तरी ॲप पन्नासच्या आसपास दाखवेल आणि तुम्ही म्हणाल, ठीक तर आहे. शक्य असेल तर ॲपमध्ये "सी" किंवा "झेड" वजन निवडा. आणि मोबाइलचा माइक खालचे सूर नीट पकडत नाही, म्हणून त्याचा उपयोग एकाच सुराची "आधी आणि नंतर" तुलना करण्यापुरताच. दोन वेगळ्या सुरांची तुलना त्याने करू नका.

बरं, आता उपाय. क्रम महत्त्वाचा: आधी जागा, मग फेज, मग डोंगर कापणं, आणि लेव्हल सगळ्यात शेवटी. मी नेमकं उलटं केलं होतं.

पहिली पायरी, जागा. आमचा सोफा टीव्हीच्या समोरच्या लांब भिंतीला, मधोमध. मी सबवूफर कोपऱ्यातून उचलला आणि सोफ्याच्या हाताला लागून ठेवला. वर एक ट्रे ठेवला, आता चहाचा कप तिथेच असतो. याने दोन गोष्टी झाल्या. एक, कानापासूनचं अंतर तीन मीटरहून कमी होऊन पाऊण मीटरवर आलं. सबवूफर जवळ असला की तो थेट मला जास्त ऐकू येतो आणि खोलीला कमी. सोफ्यावर तेवढाच बेस मिळवायला मला गेन सात डेसिबल कमी लागला. ते सात डेसिबल काकूंच्याही छतावरून थेट वजा. दोन, खोलीच्या लांबीच्या मध्याजवळ आल्यामुळे लांबीचं ३५ हर्ट्झचं घुमणं त्याला पूर्वीसारखं ढकलता येईना. अगदी मध्यावर ठेवता आला असता तर जवळपास शून्य झालं असतं. सोफ्यामुळे थोडा बाजूला आहे, तरी साधारण निम्मं.

पण जवळ ठेवायची एक अट आहे: क्रॉसओव्हर ८० च्या वर नेऊ नका. १२० वर नेलात तर निवेदकाचा जाड आवाज चहाच्या कपाखालून येतोय असं वाटायला लागतं. आणि फार खाली, ५० वर वगैरे नेलात तर पाच इंची लहान स्पीकरला झेपत नाही, तो धापा टाकतो. तुमचे स्पीकर आणखी छोटे असतील तर शंभरपर्यंत जा, पण मग सबवूफर पुढे स्पीकरजवळ हवा. आणखी एक: एव्ही रिसीव्हरमध्ये क्रॉसओव्हर लावला असेल तर सबवूफरच्या मागचं लो पास बटण पूर्ण वर न्या किंवा एलएफई इनपुट वापरा. नाहीतर एकावर एक दोन फिल्टर लागतात आणि जोडणीपाशी पुन्हा खड्डा पडतो.

दुसरी पायरी, फेज. जागा बदलली की हे नव्याने करायचं. ८० हर्ट्झचा सूर लावा, सोफ्यावर बसा, कुणालातरी मागचं फेजचं बटण ० आणि १८० असं फिरवायला सांगा. ज्याला सूर मोठा ऐकू येतो ते ठेवा. बस्स. आमच्याकडे १८० वर मोठा आला, जवळजवळ नऊ डेसिबलचा फरक. बटण फिरवल्याबरोबर आमची बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "आता काय वाढवलंस?" काहीच वाढवलं नव्हतं. फक्त वजाबाकी थांबली होती. दोन्ही बाजूंना सारखंच वाटलं तर रिसीव्हरमधलं सबवूफरचं अंतर तीस-तीस सेंटिमीटरने पुढेमागे करून बघा.

सूर कुठून आणायचे? लिनक्स किंवा मॅकवाल्यांसाठी `sox` असेल तर हे पुरे. ३० ते १०० हर्ट्झ, दोन-दोनच्या पायरीने, आठ सेकंदांचे सूर तयार होतात:

```
for f in $(seq 30 2 100); do
  sox -n t$f.wav synth 8 sine $f gain -12
done
```

आवाज कमी ठेवून सुरुवात करा. शुद्ध सूर सबवूफरला गाण्यापेक्षा जास्त ताण देतो.

तिसरी पायरी, डोंगर कापणं. सबवूफर अजून भिंतीलाच होता, त्यामुळे रुंदीचा ५४ चा डोंगर तसाच होता. तो जागेने जाणार नव्हता, तो ईक्यूनेच कापायचा. आणि इथे मला सगळ्यात नवं कळलं ते उंचीच्या ६२ बद्दल. सोफ्यावरच्या आलेखात ६२ ला काही खास दिसतच नव्हतं. मित्र म्हणाला, माइक फरशीवर ठेवून बघ. ठेवला, आणि तिथे उंचवटा! कारण उंचीचं घुमणं फरशीशी आणि छताशी सगळ्यात जोरात असतं, आणि मध्यावर जवळपास नसतंच. बसलेल्या माणसाचे कान साडेतीन फुटांवर, म्हणजे मध्याच्या जवळ. फरशीपेक्षा तिथे ते साधारण आठ डेसिबल कमी. मला न ऐकू येणारा सूर माझ्या पायाखालचा स्लॅब पूर्ण ताकदीने घेत होता. म्हणून एकदा तरी फरशीवर मोजा. तुमच्या कानाचा आलेख आणि शेजाऱ्याच्या छताचा आलेख एक नाही.

आमच्याकडे गाणी-सिनेमे दोन्ही लॅपटॉपवरून. विंडोजवर इक्वलायझर एपीओच्या `config.txt` मध्ये या दोन ओळी घातल्या:

```
Filter 1: ON PK Fc 54 Hz Gain -7 dB Q 4
Filter 2: ON PK Fc 62 Hz Gain -4 dB Q 5
```

दोन्ही फिल्टर शेजारी आहेत, त्यामुळे ५४ ला मिळून आठेक डेसिबल कापले जातात. तुमचे आकडे तुमच्या खोलीचे असतील, हे उचलू नका. लॅपटॉप नसेल तर रिसीव्हरमधलं किंवा सबवूफरच्या ॲपमधलं ईक्यू वापरा. आणि एक पथ्य: फक्त कापा, खड्डे ईक्यूने भरू नका.

आता हिशोब करू. जागेमुळे सात, ईक्यूमुळे आठ, म्हणजे ५४ हर्ट्झला पंधरा डेसिबल कमी. हे पंधरा काकूंसाठी किती मोठे? समजा आधी हॉलमध्ये ५४ हर्ट्झ ८८ डेसिबल होता आणि स्लॅबने ३५ अडवले. हा ३५ चा आकडा प्रत्येक इमारतीत वेगळा, पण समजा. खाली उरले ५३. माणसाला ५४ हर्ट्झ ऐकू यायलाच साधारण ४२ डेसिबल लागतात, कारण इतक्या खाली कान बहिरटच असतो. म्हणजे काकूंना तो ऐकू येण्याच्या रेषेपेक्षा अकरा डेसिबल वर होता. आता उरले ३८. रेषेच्या खाली. आवाज आहे, पण कानाला नाही. खालच्या सुरांची ही एक चांगली बाजू आहे: रेषेच्या आसपास थोडे डेसिबल कमी केले तरी "आहे" चं "नाही" होतं.

चौथी पायरी, लेव्हल. आता कुठे ते बटण. रिसीव्हरच्या टेस्ट नॉइजने सबवूफर बाकीच्या स्पीकरांच्या बरोबरीला आणा, मग हौसेसाठी दोन-तीन डेसिबल वर. ओळखीच्या पुरुष आवाजातलं गाणं किंवा बातम्या लावा. आवाज पिंपातून आल्यासारखा वाटला तर लेव्हल जास्त आहे. मग सबवूफर बंद करा. गाणं पोकळ वाटलं पाहिजे. चालू केल्यावर भरलं पाहिजे, पण तो कुठे ठेवलाय ते बोट दाखवून सांगता येता कामा नये.

आणि रात्रीसाठी वेगळी सेटिंग ठेवा. दहानंतर मी सबवूफर आणखी सहा डेसिबल खाली आणतो आणि ४० च्या खालचं सगळं कापतो. तरी गाणं मरत नाही. बेस गिटारची सर्वात खालची तार ४१ हर्ट्झची, पण तिचे ८२ आणि १२३ चे वरचे सूर ऐकू आले की मेंदू खालचा सूर स्वतःच धरून घेतो. मात्र काही रिसीव्हरमध्ये आवाज कमी केला की बेस आपोआप वाढवायची सोय असते, ती रात्री बंद करा. नाहीतर तुम्ही आवाज कमी करता आणि खाली बेस होता तेवढाच राहतो. आणि हेही मान्य करा की सिनेमातला पंचवीस हर्ट्झचा स्फोट फ्लॅटमध्ये रात्री मिळणार नाही. तो हवा असेल तर रविवारी दुपारी.

शेवटची परीक्षा खालच्या घरात. एका संध्याकाळी काकूंना फोन लावला, त्या काकांच्या खोलीत पलंगावर बसल्या. मी वर एकेक सूर लावत गेलो. चाळीस? "नाही." पन्नास? "नाही." चोपन्न? थोडा वेळ शांतता. "पंखा बंद करू का? ... थांब. नाही रे, काही नाही." बासष्टला म्हणाल्या, "हं, बारीक काहीतरी आहे." तो मी अजून दोन डेसिबल कापला. म्हणजे वर दिलेल्या दुसऱ्या ओळीत आता उणे सहा आहे. जुन्या सेटिंगवर चोपन्न परत लावला तेव्हा त्या लगेच म्हणाल्या, "हीच! हीच ती मोटर!"

तुमच्याकडे माइक नसेल, सॉफ्टवेअर नसेल, तरी ही शेवटची परीक्षा करता येते. सूर लावा, शेजाऱ्यांना विचारा, कोणता सूर त्यांना त्रास देतो तो आकडा लिहून घ्या आणि तेवढाच कापा. फक्त दारावरची बेल आधी आपण वाजवायची.

काकांना परवा जिन्यात विचारलं, झोप कशी लागते आता? म्हणाले, "झोपेचं ठीक आहे. पण तू परवा ढोलकीचं काय लावलं होतंस दुपारी? वर येऊन ऐकू का एकदा?" आले, सोफ्यावर बसले. चहाचा कप सबवूफरवर ठेवला आणि विचारलं, "तो डबा कुठेय?"

तर मंडळी, तुमच्या हॉलची मापं आणि कोणता सूर घुमतो ते लिहून पाठवा, पुढच्या भागात दोन-तीन खोल्यांचे आकडे घेऊन बसू. तोपर्यंत, नमस्कार.